तीच भुकटी, तेच मशीन, तरी बीईटीचा आकडा दर वेळी वेगळा: कुठून तपासायला सुरुवात करावी

बीईटी म्हणजे थंड भुकटीवर किती नायट्रोजन वायू बसतो ते मोजून तिचं एका ग्रॅममागचं पृष्ठफळ काढण्याची पद्धत. तिचं मशीन सांभाळायला लागल्यापासून माझ्याकडे सर्वात जास्त वेळा आलेली तक्रार हीच. मागच्या महिन्यात या कार्बनचं पृष्ठफळ अकराशे आलं होतं, आता नऊशे आलंय, मशीन बिघडलंय का? बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. चूक वजनात असते, डीगॅसिंगमध्ये, म्हणजे मोजण्याआधी भुकटी तापवून तिच्यातलं पाणी आणि वायू काढण्यात असते, नाहीतर सॉफ्टवेअरने आपणहून निवडलेल्या दाबाच्या पट्ट्यात असते. तरी लोक आधी इंजिनिअरला बोलावतात आणि मग रिपोर्ट उघडतात. खाली क्रम उलटा ठेवलाय, फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी.

लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर पुढे वाचा:

- एकाच भुकटीच्या दोन रनमध्ये पृष्ठफळात ५ टक्क्यांहून जास्त फरक.
- रिपोर्टमध्ये C, म्हणजे वायूच्या पहिल्या थराच्या पकडीचा आकडा, ऋण, किंवा हजाराच्या आसपास, किंवा एक-दोनच्या घरात.
- सरळ रेषेचा सहसंबंध गुणांक ०.९९ च्या वर, तरीही आकडा पटत नाही.
- दाब वाढतोय आणि अधिशोषण, म्हणजे भुकटीने धरलेला वायू, मात्र कमी होताना दिसतंय.
- दाब कमी करतानाचा परतीचा वक्र दाब वाढवतानाच्या जाण्याच्या वक्राच्या खाली उतरलाय, किंवा शेवटपर्यंत त्याला मिळतच नाही.

शेवटची दोन लक्षणं यंत्राकडे किंवा नमुन्याच्या प्रमाणाकडे बोट दाखवतात. पहिली तीन जवळजवळ नेहमी आपल्याकडे.

पहिली तपासणी: रिपोर्टमधला दाबाचा पट्टा आणि C

याला ना नायट्रोजन लागतो ना वेळ. जुनी फाइल उघडली की झालं.

ब्रुनावर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलेलं समीकरण असं आहे:

```
x / [v(1 - x)] = 1/(vm*C) + [(C - 1)/(vm*C)] * x
x = p/p0
```

p म्हणजे वायूचा दाब, p0 म्हणजे त्याच तापमानाला वायू द्रवरूप होतो तो संपृक्त दाब, v म्हणजे एक ग्रॅम भुकटीने धरलेला वायू, vm म्हणजे पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर पूर्ण व्हायला लागणारा वायू. डावी बाजू x विरुद्ध मांडली की सरळ रेषा येते. तिचा उतार आणि छेद यांची बेरीज केली की तिचा व्यस्त म्हणजे vm. ७७ केल्विनला नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो असं धरलं जातं, म्हणून vm ला (घन सेंमी, प्रमाण ताप-दाबाला) ४.३५ ने गुणलं की चौरस मीटर मिळतात.

यातली गोम अशी की समीकरण काही गोष्टी गृहीत धरतं. पृष्ठभागावरची प्रत्येक जागा सारख्याच ऊर्जेची आहे. शेजारचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत. पहिल्या थरावर दुसरा, तिसरा असे थर हवे तेवढे चढू शकतात, आणि दुसऱ्या थरापासून पुढे रेणू द्रवात बसावा तसा बसतो. खऱ्या पृष्ठभागावर हे फक्त दाबाच्या एका छोट्या पट्ट्यात जमतं. तो पट्टा कोणता हे भुकटी ठरवते, पण सॉफ्टवेअरमध्ये मात्र कोणीतरी ०.०५ ते ०.३० कायमचा भरून ठेवलेला असतो.

एका सक्रिय कार्बनचे आकडे घेऊन बघू. पहिला रकाना p/p0, दुसरा v, तिसरा v(1 − x):

```
0.01   250   247.5
0.02   262   256.8
0.03   269   260.9
0.04   274   263.0
0.05   278   264.1
0.10   289   260.1
0.15   295   250.8
0.20   299   239.2
0.25   302   226.5
0.30   304   212.8
```

०.०५ ते ०.३० या पट्ट्यातले सहा बिंदू जोडले तर सहसंबंध गुणांक ०.९९७ येतो. डोळ्याला रेषा छान दिसते. पण छेद ऋण आहे, −०.००००९६, आणि त्यामुळे C येतो उणे ४९. C हा पहिल्या थराची पकड किती घट्ट आहे ते सांगतो आणि तो घातांकी रूपातून येतो. तो ऋण असूच शकत नाही. म्हणजे या रेषेतून काढलेला ९१४ चौरस मीटर प्रति ग्रॅम हा आकडा कितीही सुबक दिसला तरी निरर्थक आहे.

आता तिसरा रकाना बघा. ०.०५ पर्यंत वाढतो, मग उतरायला लागतो. समीकरण लागू असतं तिथवर ही संख्या वाढतच गेली पाहिजे, हा रूकरोल यांचा निकष. म्हणून ०.०१ ते ०.०५ एवढेच पाच बिंदू घेतले. आता छेद धन, C सुमारे ११००, vm २६८.६, आणि पृष्ठफळ ११६९. तीच भुकटी, तेच मोजमाप, आणि आकड्यात २८ टक्के फरक. 'मागच्या महिन्यात अकराशे, आता नऊशे' याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. दोघांनी दोन पट्टे वापरलेले असतात.

निवड बरोबर झाली का याची आणखी दोन पडताळण्या. vm एवढा वायू ज्या दाबाला बसतो तो दाब निवडलेल्या पट्ट्यातच पडला पाहिजे. इथे २६८.६ हे ०.०३ च्या आसपास येतं, म्हणजे आत. दुसरं, 1/(√C + 1) हे गणित करा. उत्तर ०.०२९ येतं, म्हणजे त्याच दाबाला लागून. दोन्हीत २० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडलं तर पट्टा पुन्हा बघायचा. सहसंबंध गुणांकावर एकट्यावर विसंबू नका. वर तो ०.९९७ असताना काय झालं ते पाहिलंच.

दुसरी तपासणी: वक्राचा आकार

हीसुद्धा फुकट. पूर्ण आयसोथर्म, म्हणजे दाबानुसार धरलेल्या वायूचा वक्र, काढलेला असेल तर आकड्याच्या आधी तो बघायची सवय लावा. पाच बिंदूंचा झटपट रन करणारे इथेच फसतात, कारण त्यांच्याकडे बघायला वक्रच नसतो.

आययूपॅकच्या २०१५ च्या वर्गीकरणातला प्रकार २, म्हणजे सुरुवातीला गुडघ्यासारखा स्पष्ट बाक, मग तिरका सपाट भाग आणि शेवटी वर चढत जाणारी शेपटी, हे बीईटीचं हक्काचं घर. छिद्रं नसलेली किंवा मोठ्या छिद्रांची भुकटी असा वक्र देते. C साधारण ८० ते १५० असेल तर मी निर्धास्त होतो. प्रकार ४ मध्ये सुरुवात तशीच असते, पुढे मध्यरंध्रांमध्ये वायू द्रवरूप होतो आणि परतीचा वक्र वेगळ्या वाटेने येतो. इथेही बीईटी चालतं, फक्त द्रवीभवन सुरू व्हायच्या आधी पट्टा संपवायचा.

प्रकार १ मध्ये वक्र सुरुवातीलाच उभा चढतो आणि आडवा होतो, वरच्या कार्बनसारखा. रंध्रं इतकी अरुंद असतात की थरावर थर चढायला जागाच नसते. दोन नॅनोमीटरहून कमी रुंदीच्या फटीत रेणू भिंतीवर पसरत नाहीत, ते फट भरून काढतात. म्हणून ११६९ हा आकडासुद्धा 'खरं' पृष्ठफळ नाही. त्याला आभासी पृष्ठफळ म्हणतात. एकाच पद्धतीने काढला तर दोन कार्बनची तुलना करायला तो उत्तम, पण त्यावरून भिंतीचा नेमका चौरस मीटर सांगू नये.

प्रकार ३ मध्ये बाकच नसतो, वक्र सुरुवातीपासून पोटाशी वाकलेला. पृष्ठभागाला नायट्रोजन फारसा आवडत नाही, एक थर कधी पूर्ण झाला ते कळायला मार्ग नाही. C दोनच्या खाली आला की मी पृष्ठफळ छापत नाही, 'या पद्धतीने काढता येत नाही' असं लिहून देतो. लोक नाराज होतात, होऊ देत.

एक बारीक गोष्ट. नायट्रोजनच्या परतीच्या वक्रात ०.४२ च्या जवळ अचानक उतार दिसला तर त्या जागेवरून छिद्राचा आकार काढायचा मोह टाळा. तिथे छिद्रातला द्रव ताण सहन न होऊन फुटतो, छिद्र कोणत्याही आकाराचं असलं तरी. दर दुसऱ्या प्रबंधात ३.८ नॅनोमीटरचं एक सुंदर शिखर दिसतं, ते बहुतेक यातूनच आलेलं.

तिसरी तपासणी: वजन

आकडा प्रति ग्रॅम असतो, म्हणून वजनातली चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते. वजन डीगॅसिंगनंतरचं धरायचं, आधीचं नाही. ओलसर सिलिका ०.२०० ग्रॅम घातली आणि डीगॅसिंगनंतर ०.१७६ उरली, तर आधीचं वजन भरणाऱ्याचं पृष्ठफळ १२ टक्के कमी येणार. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रिपोर्टमधलं वजन कोणतं हे विचारल्यावर निम्मे लोक गप्प बसतात.

पुढची चूक कमी लोकांना माहीत असते. मी स्वतः तिच्यामागे आठवडाभर फिरलोय. आमच्याकडे एकाच सिलिकाचे आकडे सातत्याने वीस-पंचवीस टक्के जास्त यायला लागले होते. ओ-रिंग बदलली, गळती तपासली, नायट्रोजनचा सिलिंडर बदलला, काही फरक नाही. शेवटी वजनाच्या काट्याशेजारी उभा राहून प्रयोगशाळेतल्या मुलाला काम करताना बघत बसलो. तो रिकामी ट्यूब हवेने भरलेली असताना तोलत होता आणि डीगॅसिंगनंतरची ट्यूब हेलियम भरून. ट्यूबची आतली जागा सुमारे २० घन सेंमी. तेवढी हवा २४ मिलिग्रॅम भरते, तेवढा हेलियम साडेतीन मिलिग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे प्रत्येक नमुना २० मिलिग्रॅम हलका दिसत होता, आणि नमुनाच १०० मिलिग्रॅमचा. सगळा हिशोब लागला.

तेव्हापासून नियम केला: रिकामी ट्यूब आणि भरलेली ट्यूब, दोन्ही एकाच वायूने भरून, बूच किंवा सील लावून, एकाच तापमानाला तोलायची. नायट्रोजन वापरला तर चूक एक मिलिग्रॅमच्या आत राहते कारण त्याची घनता हवेच्या जवळ आहे. गरम ट्यूब काट्यावर ठेवू नका, वर जाणाऱ्या हवेने आकडा नाचतो. आणि रन संपल्यावर ट्यूब पुसून कोरडी करून पुन्हा एकदा तोला. आधीच्या आणि नंतरच्या वजनात फरक पडला तर भुकटी उडून वरच्या नळीत गेली असणार, किंवा डीगॅसिंग अर्धवट होतं.

चौथी तपासणी: नमुना पुरेसा आहे का

मशीन अधिशोषण थेट मोजत नाही. ते ट्यूबमध्ये किती वायू सोडला ते मोजतं, त्यातला किती रिकाम्या जागेत तरंगत आहे ते वजा करतं, आणि उरलेला भुकटीच्या नावावर टाकतं. दोन मोठ्या आकड्यांमधला हा छोटा फरक आहे.

एक चौरस मीटर प्रति ग्रॅमची भुकटी ०.१ ग्रॅम घेतली तर ट्यूबमध्ये एकूण ०.१ चौरस मीटर. त्यावरचा पूर्ण एकस्तर म्हणजे ०.०२३ घन सेंमी वायू. रिकामी जागा पन्नास घन सेंमी धरली तर ०.३ सापेक्ष दाबाला तिच्यात १५ घन सेंमी वायू असतो, आणि त्यात हजारात एक चूक म्हणजे ०.०१५ घन सेंमी. उत्तराच्या निम्म्याहून जास्त! अशा वेळी वक्र खाली वाकतो, कधी ऋण अधिशोषणही दाखवतो, आणि लोक गळती शोधत बसतात.

ट्यूबमध्ये एकूण निदान दहा-वीस चौरस मीटर जाईल एवढी भुकटी घ्या आणि नळीत फिलर रॉड घालून रिकामी जागा कमी करा. एवढी भुकटीच नसेल किंवा पृष्ठफळ ०.५ च्या खाली असेल, तर नायट्रोजनशी झगडण्यापेक्षा ७७ केल्विनला क्रिप्टॉन वापरा. त्याचा संपृक्त दाब नायट्रोजनच्या काही सहस्रांश असल्याने रिकाम्या जागेत फार थोडा वायू उरतो, आणि वजाबाकीतली चूक त्याच प्रमाणात लहान होते.

पाचवी तपासणी: डीगॅसिंग

इथून पुढे वेळ जायला लागतो, प्रत्येक फेरी काही तासांची.

कमी तापवलं तर पाणी रंध्रात बसून राहतं, आकडा कमी येतो. जास्त तापवलं तर भुकटीच बदलते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे त्याचं चांगलं उदाहरण. एकदा एकाने सिलिकासाठीची ३०० अंशांची कृती त्यालाही लावली आणि एक अंकी असलेलं पृष्ठफळ थेट दोनशेच्या वर गेलं. त्याला वाटलं आधीची सगळी मोजमापं चुकली होती. प्रत्यक्षात त्या तापमानाला हायड्रॉक्साइडमधलं पाणी निघून सच्छिद्र ॲल्युमिना तयार होतो. त्याने मोजलं ते बरोबरच होतं, फक्त दुसऱ्याच पदार्थाचं.

तापमान ठरवायला वजन-तापमान आलेख, म्हणजे टीजीए, जवळ असेल तर उत्तम. शोषलेल्या पाण्याची घट संपल्यानंतर आणि विघटनाची घट सुरू होण्याच्या आधी जो सपाट भाग असतो, त्यात राहायचं. टीजीए नसेल तर तीन तापमानांना तीन रन करा. दोन शेजारच्या तापमानांना आकडा सारखा आला तर त्यातलं कमी घ्या. झिओलाइटला ३५० अंशांपर्यंत जावं लागतं, कारण अरुंद रंध्रातलं पाणी सहजासहजी निघत नाही. पण त्याला तिथवर हळूहळू चढवा. ओला झिओलाइट एकदम तापवला तर आतली वाफ रचनेला धक्का लावते आणि भुकटीही उसळते.

डीगॅसिंग पूर्ण झालं का हे घड्याळावरून ठरवू नका. निर्वात पंपाचा वॉल्व्ह बंद करा आणि दाब बघा. तो भराभर चढला तर भुकटीतून अजून काहीतरी बाहेर येतंय.

सहावी तपासणी: समतोल आणि थंड बाथ

काही कार्बनमध्ये रंध्रं इतकी अरुंद असतात की ७७ केल्विनला नायट्रोजन आत शिरायला बराच वेळ घेतो. मशीनला वाटतं दाब स्थिरावला, आणि ते पुढच्या बिंदूकडे जातं. समतोलाचा कालावधी दुप्पट करून रन पुन्हा करा. वक्राची सुरुवात वर सरकली तर आधीचा आकडा घाईत घेतलेला होता. परतीचा वक्र शेवटपर्यंत मिळत नाही, याचंही हे एक कारण.

द्रवरूप नायट्रोजनची पातळी रनभर सारखी राहिली पाहिजे. ती उतरली की ट्यूबचा थंड भाग कमी होतो आणि सुरुवातीला मोजलेली रिकामी जागा खोटी ठरते. दोन दिवस उघडा राहिलेला नायट्रोजन पुन्हा वापरू नका. हवेतला ऑक्सिजन त्यात विरघळतो आणि बाथचं तापमान वर सरकतं. ०.१ केल्विनने संपृक्त दाब सुमारे १.१ किलोपास्कल वाढतो. बीईटीच्या पट्ट्यात याने फार बिघडत नाही, पण ०.९५ च्या पुढे, रंध्रांचं एकूण आकारमान काढताना, चांगलाच फटका बसतो. p0 वेगळ्या ट्यूबने मोजण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

सूक्ष्मरंध्री नमुन्यात रिकामी जागा हेलियमने मोजत असाल तर थोडा हेलियम रंध्रात अडकून राहू शकतो, आणि वक्राची अगदी सुरुवात वाकडी होते. मोजमापाचा क्रम बदला: आधी नायट्रोजन, रिकामी जागा शेवटी.

सातवी तपासणी: रिकामी ट्यूब आणि प्रमाणित भुकटी

रिकामी ट्यूब घेऊन, फिलर रॉडसकट, पूर्ण रन करा. अधिशोषण शून्याच्या आसपास सपाट राहिलं पाहिजे. हळूहळू एकाच दिशेने सरकत गेलं तर गळती. ट्यूबच्या तोंडाची ओ-रिंग बदला, काचेच्या कडेला तडा आहे का ते नख फिरवून बघा, आणि रन पुन्हा करा. मग ज्या भुकटीचं पृष्ठफळ प्रमाणपत्रासह माहीत आहे ती, प्रमाणपत्रात दिलेल्या डीगॅसिंगनेच, मोजा. तुमच्या नेहमीच्या नमुन्याच्या जवळपासच्या पृष्ठफळाची असेल तर जास्त उपयोग.

इथे थांबा

नवी ओ-रिंग, स्वच्छ ट्यूब, रिकामा रन वाकडा किंवा प्रमाणित भुकटी प्रमाणपत्रातल्या मर्यादेबाहेर: इथे तुमचं काम संपलं. आतला वॉल्व्ह गळतोय किंवा दाबमापक सरकलाय. मॅनिफोल्ड उघडू नका. त्यातल्या जागेचं आकारमान कारखान्यात मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं असतं, एक सांधा सैल केला तरी ते बदलू शकतं. सेवा इंजिनिअरला बोलवा आणि त्याला रिकाम्या ट्यूबचा रन, प्रमाणित भुकटीचा रन आणि शेवटचा ठीक आलेला रन, तिन्हीच्या मूळ फाइली आधीच पाठवा. छापलेल्या रिपोर्टवरून त्याला काही कळत नाही.

रन चालू असताना ट्यूबला तडा गेला तर ड्यूअर, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनचं भांडं, घाईने खाली ओढू नका. थंड ट्यूबमध्ये शिरलेली हवा द्रवरूप झालेली असू शकते, आणि बंद ट्यूबमध्ये ती गरम झाली की काच फुटते. चेहऱ्यावर ढाल, हातात मोजे, खोलीत वारा खेळता, आणि सुरक्षेचं काम बघणाऱ्या माणसाला हाक.

मशीन ठणठणीत, रूकरोलचे निकष लावले, तरीही प्रकार १ च्या भुकटीचं 'खरं' पृष्ठफळ हवंच आहे, तर ते काम दुरुस्तीचं नाही. त्यासाठी ८७ केल्विनला आर्गॉनचा आयसोथर्म आणि घनता-फलन सिद्धांतावरचं विश्लेषण लागतं. नायट्रोजनच्या रेणूवरचा विद्युतभार असमान वाटलेला असल्याने तो ध्रुवीय जागांवर, विशेषतः हायड्रॉक्सिल असलेल्या पृष्ठभागावर, आडवा-उभा कसाही बसतो, आणि ०.१६२ हा आकडा तिथे २० टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. आर्गॉनला ती अडचण नाही. तुमच्याकडे ८७ केल्विनची सोय नसेल तर ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे नमुना पाठवा, आणि सोबत डीगॅसिंगचं तापमान, वेळ आणि डीगॅसिंगनंतरचं वजन लिहून द्या.